स्टार्टअपचे वाढवून सांगितलेले वापरकर्ते : आशावाद कुठे संपतो आणि फसवणूक कुठे सुरू होते?

सप्टेंबर २०२१मध्ये जेपी मॉर्गन चेस या अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या बँकेने ‘फ्रँक’ नावाची एक छोटी स्टार्टअप कंपनी १७.५ कोटी डॉलरला, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १,३०० कोटी रुपयांना विकत घेतली. कॉलेजच्या सरकारी आर्थिक मदतीचा किचकट अर्ज विद्यार्थ्यांना सोप्या पद्धतीने भरता यावा, हे फ्रँकचे काम. संस्थापक चार्ली जेविस यांनी बँकेला सांगितलेली वापरकर्त्यांची संख्या होती साडेबेचाळीस लाखांहून अधिक. प्रत्यक्षात खाते उघडलेले विद्यार्थी तीन लाखही नव्हते. मार्च २०२५मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युरीने जेविस यांना दोषी ठरवले आणि सप्टेंबर २०२५मध्ये त्यांना ८५ महिन्यांची, म्हणजे सात वर्षांहून थोडी जास्त कैद सुनावण्यात आली. वर २८.७ कोटी डॉलर भरपाईचा आदेश.

स्टार्टअपच्या जगात आकडा थोडा फुगवून सांगणे ही रोजची गोष्ट मानली जाते. ‘सगळेच करतात’ असे संस्थापक सांगतात आणि अनुभवी गुंतवणूकदारही मनातल्या मनात आकड्याला दोनाने भागूनच ऐकतात. मग जेविस तुरुंगाच्या वाटेला का लागल्या आणि बाकीचे का नाहीत? फरक फुगवट्याच्या आकाराचा आहे, असे अनेकांना वाटते. तो तेवढाच नाही. तो समजून घ्यायचा तर आधी एका अ‍ॅपचे वापरकर्ते नेमके मोजतात कसे ते पाहावे लागेल आणि त्यासाठी न्यूयॉर्कला जायची गरज नाही.

‘वापरकर्ता’ म्हणजे कोण?

समजा, छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरमध्ये दोन खोल्या भाड्याने घेऊन तिघा मित्रांनी एक अ‍ॅप सुरू केले आहे. शहरात शिकायला आलेल्या मुलांना घरगुती मेसचा डबा महिन्याच्या हिशेबाने लावून द्यायचा आणि प्रत्येक डब्यामागे मेसवाल्या काकूंकडून महिन्याला १२० रुपये घ्यायचे, एवढा साधा धंदा. (हे अ‍ॅप आणि पुढचे त्याचे आकडे काल्पनिक आहेत, पण अशी कोष्टके कोणत्याही खऱ्या स्टार्टअपच्या संगणकात सापडतील.)

वर्षभरानंतर त्यांच्याकडे पाच आकडे आहेत. अ‍ॅप एकदा तरी डाउनलोड झाले ६१,४०० फोनवर. त्यातल्या २३,८०० जणांनी मोबाइल नंबर टाकून, ओटीपी भरून नोंदणी केली. गेल्या तीस दिवसांत अ‍ॅप उघडले ६,३०० जणांनी. या महिन्यात पैसे भरून डबा लावला २,१५० जणांनी. त्यातले १,२४० जण असे, की ज्यांनी मागच्या महिन्यातही पैसे भरले होते.

पाचही आकडे खरे आहेत आणि पाचांपैकी कोणालाही ‘वापरकर्ते’ म्हणता येईल. गुंतवणूकदारांना दाखवायच्या सादरीकरणात, म्हणजे पिच डेकमध्ये, संस्थापक कोणता निवडणार हे सांगायला नको. इथवर काही बिघडलेले नाही. ‘६१,००० डाउनलोड’ असे मोठ्या अक्षरांत लिहिणे म्हणजे दुकानदाराने चांगला माल दर्शनी भागात मांडण्यासारखे आहे. डाउनलोड म्हणजे ग्राहक नव्हे, हे वाचणाऱ्याला कळायला हवे आणि शब्द तेच सांगतो आहे.

आता त्याच स्लाइडवर ‘६० हजार ग्राहक’ असे लिहिले तर? आकडा उलट हजार-चौदाशेने खाली आणला आहे, पण वाक्य खोटे झाले. ग्राहक म्हणजे पैसे देणारा आणि असे २,१५० आहेत. म्हणजे खोटेपणा बहुतेक वेळा आकड्यात नसतो, आकड्याखालच्या नावात असतो. या क्षेत्रात वर्षानुवर्षे पिच डेक वाचणारे लोक आधी आकडा पाहत नाहीत, तळटीप पाहतात. ‘वापरकर्ते’ या शब्दाची व्याख्या, मोजणीचा कालावधी आणि तारीख या तीन गोष्टी नसतील तर तो आकडा त्यांच्या लेखी रिकामाच असतो.

मधला एक प्रकार जास्त फसवा आहे. नोंदणी केलेले २३,८०० खरेच आहेत, पण त्यातले निम्मे ‘मित्राला आणा, ५० रुपये मिळवा’ या योजनेतून आले आणि ५० रुपये घेऊन गेले, असे समजा. संस्थापकाने स्लाइडवर लिहिले : ‘जाहिरातीवर जवळजवळ खर्च न करता २३,८०० नोंदण्या.’ इथे संख्या खरी, नावही खरे, पण ती आली कशी ते लपवले. अमेरिकेत ‘आयआरएल’ या समाजमाध्यमी अ‍ॅपच्या संस्थापकावर तिथल्या रोखे नियामकाने २०२४मध्ये जो दावा लावला, त्याचा गाभा हाच होता. अ‍ॅप आपोआप पसरते आहे असे गुंतवणूकदारांना भासवले आणि डाउनलोड मिळवण्यासाठी केलेला मोठा जाहिरातखर्च दडवला, असा नियामकाचा आरोप आहे. या कंपनीने दोन कोटी वापरकर्त्यांचा दावा केला होता. २०२३मध्ये कंपनीच्याच संचालक मंडळाच्या चौकशीत त्यातले ९५ टक्के स्वयंचलित किंवा बनावट निघाले आणि कंपनी बंद करावी लागली.

फ्रँकमध्ये नेमके काय घडले?

जेविस यांच्या बचावाचा मुख्य मुद्दा पुंडलिकनगरच्या त्या पहिल्या दोन आकड्यांमधल्या फरकासारखाच होता. फ्रँकच्या संकेतस्थळावर लाखो लोक येऊन गेले होते आणि साडेबेचाळीस लाख हा आकडा त्या भेट देणाऱ्यांचा आहे, बँकेला हे माहीत होते, सौदा अंगाशी आल्यावर बँकेने कांगावा केला, असे त्यांचे वकील म्हणत होते. गोष्ट एवढ्यावर थांबली असती तर हा वाद शब्दाच्या अर्थाचा राहिला असता आणि कदाचित दिवाणी न्यायालयात मिटला असता. ती थांबली नाही, याचे कारण जुलै-ऑगस्ट २०२१मधले काही दिवस.

मोठी खरेदी करण्याआधी खरेदीदार कंपनीची कागदपत्रे तपासतो. त्याला ड्यू डिलिजन्स म्हणतात. या टप्प्यात फ्रँककडून बँकेला जी कोष्टके गेली, त्यात वापरकर्ता म्हणजे ज्याने खाते उघडले आहे आणि ज्याचे नाव, आडनाव, ईमेल व फोन कंपनीकडे आहे असा विद्यार्थी, असे धरलेले होते. म्हणजे ‘संकेतस्थळावर येऊन गेलेला’ ही सैल व्याख्या तिथेच मागे पडली. बँकेने मग साहजिकच यादी मागितली. जेविस यांनी आधी विद्यार्थ्यांच्या खासगीपणाचे कारण पुढे केले. बँकेने यादी निदान तपासून तरी हवी, असा आग्रह धरला.

तेव्हा त्यांनी आपल्या अभियांत्रिकी प्रमुखाला सांगितले, की आपल्याकडच्या खऱ्या विद्यार्थ्यांची माहिती घे आणि तिच्यावरून कृत्रिम माहिती तयार कर, यादी साडेबेचाळीस लाखांची झाली पाहिजे. हे कायदेशीर आहे का, असे त्याने विचारले. कोणी तुरुंगाचे नारिंगी कपडे घालणार नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळाले, असे त्याने पुढे न्यायालयात सांगितले. त्याने काम नाकारले. खऱ्या संख्येचीच यादी देईन, म्हणाला. मग न्यूयॉर्क परिसरातल्या एका कॉलेजातल्या डेटा सायन्सच्या प्राध्यापकाला १८ हजार डॉलर देऊन ती यादी बनवून घेण्यात आली. तीन लाखांहून कमी खऱ्या नोंदींवरून संगणकाने साडेबेचाळीस लाख नावे, जन्मतारखा, पत्ते जुळवले.

बँकेने यादी तपासण्यासाठी एक त्रयस्थ कंपनी नेमली होती. गंमत अशी, की त्या कंपनीचे काम रकाने भरलेले आहेत का आणि ओळी किती आहेत एवढेच पाहण्याचे होते. ती माणसे अस्तित्वात आहेत का, हे तिला कोणी विचारलेच नव्हते. ओळी साडेबेचाळीस लाख भरल्या आणि शिक्का बसला. त्याच सुमारास जेविस यांचे सहकारी ऑलिव्हिए अमार यांनी बाजारातून सुमारे ४५ लाख विद्यार्थ्यांच्या माहितीची तयार यादी १ लाख ५ हजार डॉलरला विकत घेतली. व्यवहार झाल्यावर बँक ही नावे प्रत्यक्ष वापरायला मागणार, हे उघड होते आणि तेव्हा हाताशी खरी माणसे हवी होती. अमार यांनाही जेविस यांच्याबरोबरच दोषी ठरवण्यात आले.

बिंग फुटले ते अगदी साध्या गोष्टीने. २०२२च्या सुरुवातीला बँकेने या यादीतल्या चार लाख विद्यार्थ्यांना चाचणी म्हणून ईमेल पाठवले. एरवी बँकेचे ९९ टक्के ईमेल पोहोचतात. इथे पोहोचले २८ टक्के. आणि त्यातून फ्रँकच्या संकेतस्थळावर आले फक्त १०३ जण. डिसेंबर २०२२मध्ये बँकेने दावा लावला, जानेवारी २०२३मध्ये फ्रँकचे संकेतस्थळ बंद केले आणि एप्रिलमध्ये जेविस यांना अटक झाली.

या क्रमात आशावाद नेमका कुठे संपला? ‘आमच्याकडे चाळीस लाख विद्यार्थी आहेत’ हे पहिले वाक्यच खोटे होते, हे खरे. पण वाक्य बोलणाऱ्याला भ्रम असू शकतो, मोजणी चुकलेली असू शकते, शब्द सैल वापरलेला असू शकतो. समोरच्याने ‘दाखवा’ म्हटल्यावर मात्र आपल्याकडची खरी संख्या किती हे माहीत असल्याशिवाय उरलेली किती बनवायची, हे ठरवता येत नाही. यादी बनवायला सांगणे, हाच खरा आकडा ठाऊक असल्याचा पुरावा ठरला. अभियंत्याचा तो प्रश्न आणि त्याला मिळालेले उत्तर ज्युरीपुढे आल्यावर बचावाच्या शब्दार्थाला फारसा अर्थ उरला नाही.

भारतीय कायदा रेघ कुठे मारतो?

आपल्याकडे यासाठी वेगळा ‘स्टार्टअप फसवणूक कायदा’ नाही, पण तीन जुने-नवे कायदे मिळून रेघ बरीच स्पष्ट होते.

सर्वांत जुना १८७२चा भारतीय करार कायदा. त्याच्या कलम १७मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे : जे खरे नाही आणि खरे नाही असे स्वतःलाही वाटते, ते वस्तुस्थिती म्हणून सांगणे. जाणीवपूर्वक काही दडवणे आणि पाळायचा हेतूच नसताना दिलेले वचनही तिच्यात येते. पुढचे कलम १८ संस्थापकांनी जास्त लक्षपूर्वक वाचावे असे आहे. स्वतःला खरे वाटत असले, तरी हाताशी असलेल्या माहितीवरून तसे ठामपणे म्हणता येत नसताना केलेले चुकीचे विधान म्हणजे दिशाभूल. तीही गुंतवणूकदाराला करार रद्द करण्याचा हक्क देऊ शकते. म्हणजे ‘मी न मोजताच बोललो, मला तसे मनापासून वाटत होते’ हा बचाव तुरुंगापासून वाचवेल, पैसे परत करण्यापासून वाचवेलच असे नाही.

कंपनी कायदा, २०१३च्या कलम ३६मध्ये एक शब्द असा आहे, की ज्याने आशावादाचा प्रश्न थेट सुटतो. कंपनीचे रोखे घ्यायला लोकांना उद्युक्त करण्यासाठी जाणूनबुजून किंवा बेपर्वाईने खोटे अथवा दिशाभूल करणारे विधान, वचन किंवा भाकीत करणारा आणि महत्त्वाची गोष्ट हेतुपुरस्सर दडवणारा कलम ४४७खाली जबाबदार ठरतो. भाकीतसुद्धा! म्हणजे भविष्याबद्दल बोललेले काहीही चालते, हा समज चुकीचा आहे.

पुंडलिकनगरच्या अ‍ॅपवर हे लावून पाहू. संस्थापक म्हणतो, ‘दीड वर्षात पैसे देणारे ग्राहक २,१५० वरून ६० हजारांच्या आसपास नेऊ.’ त्यासाठी दर महिन्याला साधारण २० टक्के वाढ लागते. गेल्या सहा महिन्यांची प्रत्यक्ष वाढ महिन्याला ४ टक्के आहे असे धरा. त्याच गतीने दीड वर्षात ते साडेचार हजारांच्या आतच राहतील. आता त्याने ही ४ टक्के वाढ स्लाइडवर दाखवली आणि पुणे, लातूर, नांदेडमध्ये एवढे पैसे घालून, एवढ्या मेस जोडून वेग कसा वाढवणार ते मांडले, तर तो आशावाद आहे. वेडा असेल, पण प्रामाणिक. गुंतवणूकदार स्वतः ठरवू शकतो. पण ४ टक्क्यांचा आकडा काढून टाकला, एका सणाच्या सवलतीमुळे २० टक्के वाढ झालेला एकच महिना आलेखावर ठेवला आणि ‘आमची वाढ अशी आहे’ म्हटले, तर तेच ६० हजारांचे भाकीत दिशाभूल ठरते. स्वप्न दोन्हीकडे एकच आहे. एकीकडे आजची जमीन दिसते आहे, दुसरीकडे ती झाकलेली आहे.

कलम ४४७खालची शिक्षा कडक आहे. फसवणुकीत गुंतलेली रक्कम दहा लाख रुपये किंवा कंपनीच्या उलाढालीचा एक टक्का, यातली जी कमी असेल तेवढी किंवा तिच्याहून जास्त असेल, तर सहा महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंत कैद आणि गुंतलेल्या रकमेइतका, जास्तीत जास्त तिच्या तिप्पट दंड. प्रत्यक्ष कोणाचे नुकसान झाले नाही तरी ही व्याख्या लागू होते, त्यामुळे ‘कंपनी नीट चालली असती तर कोणी बोललेच नसते’ याला अर्थ राहत नाही. मात्र या कलमाखाली गुंतवणूकदार स्वतः सरळ खटला भरू शकत नाही. गंभीर फसवणूक तपास कार्यालयाच्या संचालकांनी किंवा केंद्र सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने तक्रार करावी लागते. म्हणून प्रत्यक्षात लोक पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे जातात आणि फसवणुकीचे कलम लागते. ज्याला आपण अजूनही बोलताना ‘चारसोबीस’ म्हणतो, ते १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ झाले आहे. त्यात सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण एक अट असते : पैसे घेतानाच हेतू अप्रामाणिक होता, हे दाखवावे लागते. धंदा बुडाला, शब्द पाळता आला नाही, एवढ्याने फसवणुकीचा गुन्हा होत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. संस्थापकांना हे मोठे संरक्षण आहे आणि ते असायलाही हवे. बहुतेक स्टार्टअप बुडतातच.

गुंतवणूकदाराने तपासले नाही, मग दोष कोणाचा?

फ्रँकच्या खटल्यात हा प्रश्न जोरात विचारला गेला. एवढी मोठी बँक, तिच्याकडे वकिलांची फौज, आणि चार लाख ईमेल व्यवहाराआधी पाठवून पाहावेत असे कोणाला सुचले नाही? शिक्षा सुनावताना न्यायाधीशांनीही बँकेला बोल लावले. पण शिक्षा जेविस यांच्या वागण्याला आहे, बँकेच्या मूर्खपणाला नाही, अशा अर्थाचे त्यांनी बजावले. गिऱ्हाईक भोळे होते म्हणून खोटे नाणे खरे होत नाही.

तरीही आपल्या शहरात या प्रश्नाला वेगळे वजन आहे. छत्रपती संभाजीनगरमध्ये ‘सीएमआयए’ या उद्योजकांच्या संघटनेच्या पुढाकाराने ‘मॅजिक’ हे स्टार्टअपना आधार देणारे केंद्र उभे राहिले आहे. अशा शहरात सुरुवातीचे पाच-दहा लाख टाकणारा बहुधा मोठा फंड नसतो. वाळूज किंवा चिकलठाण्यात कारखाना असलेला उद्योजक, एखादे डॉक्टर, निवृत्तीचे पैसे मिळालेले कोणाचे तरी काका असे हे लोक असतात. त्यांच्याकडे तपासणीची फौज नाही. पण सुदैवाने वापरकर्त्यांचा आकडा तपासायला फौज लागतही नाही, कारण खरा वापरकर्ता कुठे ना कुठे खर्चाचा किंवा पैशाचा माग सोडतो.

डब्यांच्या अ‍ॅपचा दावा ६० हजार ग्राहकांचा असेल, तर महिन्याला १२० रुपयांप्रमाणे ७२ लाख रुपये बँकेत दिसायला हवेत. २,१५० ग्राहकांचे होतात २ लाख ५८ हजार. पेमेंट गेटवेचा, म्हणजे ऑनलाइन पैसे जमा करून देणाऱ्या कंपनीचा हिशेब आणि बँकेचे खाते समोरासमोर ठेवले, की पाच मिनिटांत उत्तर मिळते. जीएसटीचे विवरणपत्र त्यालाच दुजोरा देते. इथे मात्र एक सावधगिरी हवी : कागद संस्थापकाने पाठवलेल्या पीडीएफमध्ये नको. त्याच्या शेजारी बसून, त्याच्याच लॉगिनने, पडद्यावर पाहावा. बनवाबनवी झालीच तर ती बहुधा मधल्या फाइलमध्ये होते.

अ‍ॅप फुकट असेल तर पैशाचा माग नसतो, तेव्हा खर्चाचा घ्यावा. नोंदणीच्या प्रत्येक ओटीपीला एक एसएमएस जातो आणि त्याचे बिल कंपनीला येते. ६० हजार नोंदण्यांचा दावा आणि वर्षभराचे बिल पंचवीस हजार संदेशांचे, हे जमत नाही. त्याचप्रमाणे गुगलच्या प्ले कन्सोलवर किती फोनवर अ‍ॅप अजून शिल्लक आहे हे दिसते. एकूण डाउनलोड आणि हा आकडा यांत मोठी दरी असेल तर लोक आले आणि काढून टाकून गेले.

तिसरी तपासणी सगळ्यात जुनी. यादीतून आपण स्वतः, संस्थापकाने नव्हे, पन्नास नंबर निवडायचे आणि कंपनीमार्फत परवानगी घेऊन फोन करायचे. ‘डबा कसा आहे?’ एवढेच विचारायचे. यादी खरी असेल तर निदान निम्मे उचलतील, दोघे-तिघे भाजीत तिखट जास्त असते म्हणून तक्रार करतील. तक्रार हा खऱ्या ग्राहकाचा पक्का पुरावा असतो. बनावट यादीत नंबर बंद असतात, किंवा माणूस ‘कसला डबा?’ म्हणतो. खासगीपणाचे कारण सांगून संस्थापक हेही नाकारत असेल तर ते कारण कधी खरे असू शकते, पण मग नंबर झाकून, कंपनीच्या फोनवरून, तुमच्यासमोर फोन लावायला त्याची हरकत नसावी.

या सगळ्यालाही मर्यादा आहे. संस्थापकाने मित्रांकडून पैसे फिरवून खोटे व्यवहारच उभे केले, तर बँकेचे खातेही खोटे बोलते. तेव्हा एकाच दिवशी, ठरावीक मिनिटांच्या अंतराने, एकाच रकमेची खाती उघडलेली दिसतात आणि तीच माणसे पुढच्या महिन्यात परत येत नाहीत. म्हणून या महिन्यात पैसे देणाऱ्यांपैकी मागच्या महिन्यातले किती, हा पाचवा आकडा अनुभवी माणूस सर्वांत आधी विचारतो. १,२४० हा आकडा संस्थापकाला लाजिरवाणा वाटतो आणि स्लाइडवर सहसा नसतो. फुगवायला तोच सर्वांत अवघड आहे.

आकडा आधीच फुगवून सांगितला असेल तर?

भारतात उघडकीला आलेल्या प्रकरणांत बऱ्याचदा सुरुवात एकाच मोठ्या खोट्याने झालेली दिसत नाही. गुरुग्रामच्या ‘गोमेकॅनिक’ या गाड्या दुरुस्तीच्या स्टार्टअपच्या सहसंस्थापकाने जानेवारी २०२३मध्ये जाहीरपणे मान्य केले, की वाढीच्या मागे लागून आर्थिक माहिती देताना गंभीर चुका झाल्या. त्याच वेळी सुमारे ७० टक्के कर्मचाऱ्यांना कामावरून कमी करण्यात आले. तिमाहीगणिक आधीच्या आकड्याला शोभेल असा पुढचा आकडा सांगावा लागतो, हे या दुखण्याचे मूळ आहे. मागच्या वेळी ४० हजार सांगितले म्हणून या वेळी ६० हजार.

ही साखळी तोडायला एक वेळ असते आणि ती करारावर सही होण्याआधीची असते. गुंतवणुकीच्या करारात संस्थापक कंपनीच्या स्थितीबद्दल लेखी हमी देतो. त्याला जोडून एक ‘डिस्क्लोजर लेटर’ असते, ज्यात या हमीला कुठे कुठे अपवाद आहे ते सांगायचे असते. अनेक तरुण संस्थापक ते वकिलाचे काम समजून कोरे सोडतात. खरे तर पिच डेकमध्ये गेलेली चूक सुधारण्याची ती कायदेशीर जागा आहे. ‘आधीच्या सादरीकरणात ६० हजार ग्राहक म्हटले होते, तो आकडा एकूण डाउनलोडचा होता. अमुक तारखेअखेर पैसे देणारे ग्राहक २,१५० आहेत’ एवढी दोन वाक्ये तिथे लिहिली, तर कंपनीचे मूल्य कमी लागेल, कदाचित सौदाही मोडेल. पण पैसे घेताना खरे सांगितले होते, हे कागदावर राहते आणि फसवणुकीचा खटला ज्या अप्रामाणिक हेतूवर उभा राहतो, त्याचा आधारच निघून जातो.

सही झाल्यावर, पैसे खात्यात आल्यावर हेच पत्र पाठवले तर त्याचा उपयोग कमी होतो, शून्य होत नाही. गुंतवणूकदार करारातल्या हमीभंगाच्या कलमावर भरपाई मागेल, संस्थापकाचे शेअर कमी करून घेईल, कधी त्याला पदावरून दूर करील. हे सारे दिवाणी भांडण आहे, त्रासदायक पण निस्तरता येण्यासारखे. त्याऐवजी ‘यादी दाखवा’ असा ईमेल आल्यावर कोणी एक्सेलची नवी फाइल उघडून रकाने भरायला बसला, तर त्या फाइलवर तारीख आणि वेळ आपोआप नोंदली जाते, आणि त्याला ती भरून देणाऱ्या सहकाऱ्याला पुढे साक्षीदार म्हणून बोलावता येते.